उकाड्याच्या दमट रात्रींसाठी सुती कपडे: वीण, ढिलेपणा आणि वाळायचा वेळ यांचा ताळमेळ

“शंभर टक्के कॉटन” एवढं लेबल बघून घेतलेला नाईटड्रेस दमट रात्री अंगाला चिकटतो आणि तसलाच दुसरा रात्रभर मोकळा राहतो. सूत दोन्हींचं एकच असतं. फरक पडतो तो त्या सुताचं कापड कसं विणलंय, ते अंगापासून किती दूर राहतं आणि सकाळी धुतल्यावर कधी वाळतं यावर. या तिन्ही गोष्टी दुकानात उभ्या उभ्या आणि घरी थोडं मोजमाप करून तपासता येतात. तपासायचं कसं आणि तिन्हींपैकी कशाला किती वजन द्यायचं, ते इथे पाहू. हे सगळं पंख्याखाली झोपणाऱ्यांसाठी आहे. एसीच्या कोरड्या खोलीत हवेत दमटपणा नसतो, त्यामुळे तिथे जरा जाड कापडही चालून जातं.

दमट रात्री नेमकं काय बिघडतं

घाम वाळतो तेव्हा अंग थंड होतं, नुसता घाम येऊन नाही. तो किती झपाट्याने वाळेल हे त्वचेजवळच्या आणि खोलीतल्या हवेतल्या बाष्पाच्या फरकावर ठरतं. खोलीत 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल, तर त्याच तापमानाच्या 30 टक्के आर्द्रतेच्या हवेपेक्षा घाम उडायची ओढ जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणजे निसर्गाने मदत आधीच अर्धी केलेली असते. उरलेली अर्धी कपड्याने अडवायची नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

सुती कापड घाम शोषतं हा त्याचा गुण खरा, पण दमट हवेत त्याच्यावर फार विसंबू नये. सूत हवेतलंही पाणी ओढतं. साधारण हवेत वाळलेल्या सुती कपड्यात त्याच्या वजनाच्या 8 टक्क्यांच्या आसपास पाणी असतंच, आणि आर्द्रता 90 टक्क्यांवर गेली की ते दीडपटीच्याही वर जातं. म्हणून पावसाळी रात्री कपाटातून काढलेला स्वच्छ कपडासुद्धा हाताला मऊ, दमट लागतो. त्यात घामाची भर पडली की जाड कापड भरपूर पाणी पोटात धरून बसतं आणि पहाटे पंखा जोरात असेल तर गार, ओलं लागतं. तेव्हा निवडताना शोषणाआधी हवा आरपार जाणं महत्त्वाचं. घाम जिरेल कुठे यापेक्षा उडेल कसा, हा प्रश्न विचारावा.

वीण: आधी फुंकर, मग वजन

मागावरच्या कापडात उभे आणि आडवे धागे एकमेकांवरून-खालून जातात. होजिअरीत एकाच धाग्याचे फासे एकमेकांत अडकवलेले असतात, बनियनचं किंवा टी-शर्टचं कापड ताणलं की दिसतात तसे. रात्रीच्या कपड्यासाठी पहिली पसंती साध्या विणीच्या, बारीक सुताच्या, मोकळ्या कापडाला: मलमल, वॉइल, पातळ केंब्रिक. साधी वीण म्हणजे एक धागा वर, एक खाली. हिच्यात धाग्यांमध्ये चौकोनी भोकं राहतात आणि हवा तिथूनच जाते.

कापडाचं वजन दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये, म्हणजे जीएसएममध्ये सांगतात. मलमल साधारण 50 ते 80, वॉइल 60 ते 90, केंब्रिक 90 ते 110, पॉपलिन 110 ते 130, टी-शर्टची होजिअरी 140 ते 180 आणि दुहेरी विणीची इंटरलॉक होजिअरी 180 ते 220. हे ढोबळ आकडे आहेत, उत्पादकागणिक थोडं इकडे-तिकडे होतं. दमट रात्रीसाठी 100 च्या आतलं मागावरचं कापड घ्यावं. होजिअरी हवीच असेल तर 140 च्या वर जाऊ नये.

पण नुसत्या वजनावर फसायला होतं. 115 जीएसएमचं पॉपलिन आणि तेवढ्याच वजनाचं जाडसर सुताचं, सैल विणीचं हातमागाचं कापड शेजारी ठेवा. पॉपलिनमध्ये उभे धागे दाटीवाटीने बसवलेले असतात, भोकं जवळपास मिटलेली असतात. हातमागाच्या कापडात धागे जाड पण विरळ. वजन सारखंच, तरी दुसऱ्यातून हवा सहज जाते. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी फुंकर, मग वजन.

फुंकर कशी मारायची? कापडाचा एकच पदर तोंडापासून बोटभर अंतरावर ताणून धरा, पलीकडे दुसऱ्या हाताचा तळवा ठेवा आणि नेहमीच्या जोराने फुंका. मलमल, वॉइलमधून वारा तळव्याला स्पष्ट लागतो. घट्ट पॉपलिनमधून जेमतेम जाणवतो आणि फुंकर कापडाला धडकून कडेने पसरते. सॅटिन विणीच्या कापडात तर तळव्याला ऊबच लागते. नवीन कापडावर खळ असते, ती भोकं बुजवते. त्यामुळे फुंकर कमी लागली म्हणून लगेच कापड बाद करू नका, पण चांगली लागली तर नक्की समजा.

सॅटिन विणीचं सुती कापड, तेही “गार, गुळगुळीत” म्हणून खपवलं जातं, ते इथे टाळावं. त्यात धागे लांब-लांब वर तरंगतात आणि एकमेकांना चिकटून बसतात. हात लावला की क्षणभर गार वाटतं खरं, पण ओलं झालं की तेच गुळगुळीत अंग त्वचेला पापुद्र्यासारखं चिकटतं. “जास्त थ्रेड काउंट” या जाहिरातीचंही तसंच. चादरीत त्याचं महत्त्व असेल नसेल, उकाड्याच्या कपड्यात जास्त धागे म्हणजे कमी वारा. ट्विल, फ्लॅनेल यांचा विचारच नको.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवण्यासारखा. सीअरसकर नावाच्या कापडात विणतानाच काही पट्टे सैल सोडतात, त्यामुळे कापडावर उभ्या सुरकुत्यांचे पट्टे येतात. वजनाला ते पॉपलिनच्या आसपास असतं, पण सुरकुत्यांचे उंचवटेच तेवढे अंगाला टेकतात, बाकी जागेत हवा राहते. इस्त्री लागत नाही हा वरचा फायदा. फक्त सुरकुत्या दाबून सपाट केल्या तर कापडाचा सगळा गुणच गेला, हे इस्त्रीवाल्याला आधी सांगून ठेवावं.

मलमलची दुखणी

मलमल उत्तम म्हटलं की दोन तक्रारी येतात. एक, आरपार दिसतं. यावर लोक आतून अस्तर लावतात आणि मग दोन पदरांचं वजन केंब्रिकच्या पुढे जातं, मधली हवाही नीट हलत नाही. त्यापेक्षा भरगच्च छापाचं किंवा गडद रंगाचं मलमल घ्यावं, किंवा फक्त छातीवर, खांद्यापासून वीतभर खाली, दुसरा पदर टाकून घ्यावा. पाठीला अस्तर अजिबात नको, घाम सगळ्यात जास्त तिथेच साठतो.

दुसरी तक्रार जास्त खरी आहे: शिवणीतून उसवतं. इथे धागा तुटत नाही, विरळ विणीतले धागे शिवणीपासून सरकतात आणि जाळी पडते. बसल्यावर कुल्ल्यावर आणि हात उचलल्यावर बगलेत हे आधी होतं. खरेदी करतानाच तपासा. शिवणीच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचावर चिमटीत कापड धरून हलकेच आडवं ओढा. टाक्यांशेजारी जाळी उघडली आणि सोडल्यावर मिटली नाही, तर तो कपडा दोन महिन्यांत जाणार. शिवून घेत असाल तर टेलरला सांगा की कडा आत दुमडून दुहेरी शिवण घाला आणि मार्जिन किमान दीड सेंटिमीटर सोडा. मलमलचा कपडा घट्ट शिवला की ही जाळी हमखास पडते. म्हणजे ढिलेपणा इथे नुसत्या गारव्यासाठी नाही, कपडा टिकावा म्हणूनही हवा.

ढिलेपणा सेंटिमीटरमध्ये

“एक साईज मोठा घ्या” हा सल्ला अर्धाच कामाचा आहे, कारण मोठ्या साईजमध्ये खांदा आणि लांबीही वाढते आणि नको तिथे कापड जमा होतं. मोजायचा तो घेर. छातीच्या मापापेक्षा कपड्याचा घेर 20 ते 30 सेंटिमीटर जास्त असावा, नितंबांवर 20 ते 25, आणि पायजम्याचा मांडीचा घेर मांडीपेक्षा 15 ते 20 जास्त. मांडी आणि नितंबांचं माप बसून घ्या. उभ्याने घेतलेलं माप कमी येतं.

या आकड्यांमागचं गणित साधं आहे. घेर 25 सेंटिमीटर जास्त असेल तर गोलाच्या हिशोबाने कपडा आणि अंग यांत सरासरी 4 सेंटिमीटर अंतर पडतं. झोपल्यावर खालची बाजू दबलेलीच राहते, पण वरची मोकळीक वाढते, आणि पंख्याच्या झोताने किंवा कूस बदलताना कापड वर-खाली होऊन आतली कोंदट हवा बाहेर ढकलली जाते. घेर 10 च्या आत असेल तर हे घडायला जागाच उरत नाही. दुसरीकडे 40 च्या वर गेलात तर कूस बदलताना कापड गुंडाळून अंगाखाली चार-पाच पदर जमतात आणि तिथेच घाम साचतो. सकाळी पाठीवर किंवा कुशीत कापडाच्या चुण्यांचे वळ दिसले तर घेर जास्त झालाय असं समजावं.

आत आलेल्या हवेला बाहेर पडायला वाटही हवी. कापड हललं की कोंदट हवा गळ्यावाटेही बाहेर पडते, म्हणून बंद गळ्यापेक्षा रुंद गळा किंवा पुढे दोन-तीन बटणांची पट्टी बरी. गाऊन खालून गळ्यापर्यंत एकच पोकळी ठेवतो, त्यामुळे उताण्याने शांत झोपणाऱ्यांना तो दोन कपड्यांपेक्षा गार पडतो. कुशीवर झोपणाऱ्यांच्या मात्र तो कमरेपर्यंत चढतो आणि तिथे गोळा होतो. त्यांनी लांबी गुडघ्यापर्यंतच ठेवावी आणि दोन्ही बाजूंना वीतभर चिरा द्याव्यात, म्हणजे पाय हलला तरी कापड ओढलं जात नाही.

बगल हा वेगळाच विषय. सलग कापलेल्या, काफ्तानासारख्या बाह्यांमध्ये हात खाली आणला की सगळं जादा कापड बगलेत कोंबलं जातं. दिसायला सैल, पण घामोळ्या नेमक्या तिथेच येतात. वेगळी जोडलेली आखूड बाही, बगलेत छोटी चौकोनी कळी आणि नेहमीच्या शर्टापेक्षा 3-4 सेंटिमीटर खोल मुंढा, ही रचना सगळ्यात मोकळी. बाहीचा शेवटचा घेर दंडापेक्षा 12 सेंटिमीटर तरी जास्त हवा.

कमरेवर नेफ्याचे दोन पदर, मध्ये इलॅस्टिक आणि वरून कुडत्याचा एक पदर. सगळ्या कपड्यात ही जागा सर्वांत जाड, दबलेली आणि उशिरा वाळणारी. रुंद इलॅस्टिकपेक्षा नाडी बरी. इलॅस्टिकच हवं असेल तर अडीच सेंटिमीटरपेक्षा रुंद नको आणि सकाळी कमरेवर खोल वळ उठत असेल तर ते उसवून लांब करावं. पायजम्याचं आसन आखूड असेल तर बसता-उठता मांड्यांमध्ये कापड रुततं, आणि त्यावर घेर कितीही वाढवला तरी उपाय होत नाही.

आणि हे सगळं माप धुतल्यानंतरचं धरा. न आटवलेलं मागावरचं सुती कापड पहिल्या एक-दोन धुण्यांत 3 ते 5 टक्के आटतं, होजिअरी लांबीत त्याहून जास्त. 120 सेंटिमीटर घेराचा कपडा 5 टक्के आटला की 6 सेंटिमीटर गेले. शिवून घेताना कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच टेलरकडे द्यावं.

वाळायचा वेळ: एकूण वजन नाही, चौरस मीटरचं वजन

ओला कपडा दोरीवर टाकल्यावर सुरुवातीचा बराच वेळ पाणी पृष्ठभागावरून एका ठरावीक गतीने उडतं. ही गती हवेवर, वाऱ्यावर आणि उघड्या क्षेत्रफळावर ठरते, कापड कोणतं याच्याशी तिला फारसं देणंघेणं नसतं. म्हणून वाळायला किती वेळ लागेल हे दर चौरस मीटर कापडात किती पाणी आहे यावर ठरतं. मशीनच्या चांगल्या स्पिननंतर सुती कापडात त्याच्या वजनाच्या साधारण निम्मं किंवा थोडं अधिक पाणी उरतं. हाताने पिळल्यावर जवळपास कापडाच्या वजनाइतकं.

आता तीन कपडे घेऊ. 70 जीएसएम मलमलचा गुडघ्यापर्यंतचा गाऊन, कापड सुमारे 2 चौरस मीटर, वजन 140 ग्रॅम. 115 जीएसएम पॉपलिनचा शर्ट-पायजमा, अडीच चौरस मीटरच्या आसपास, वजन 290 ग्रॅम. 170 जीएसएम होजिअरीचा टी-शर्ट आणि हाफपँट, सव्वा चौरस मीटर, वजन सुमारे 210 ग्रॅम. स्पिननंतर 60 टक्के पाणी धरलं तर मलमलमध्ये दर चौरस मीटरला 42 ग्रॅम, पॉपलिनमध्ये 69 आणि होजिअरीत 102 ग्रॅम पाणी राहतं.

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. होजिअरीचा जोड एकूण वजनाला पॉपलिनपेक्षा हलका, लहानसा, तरी वाळायला त्याला दीडपट वेळ लागणार. ज्या हवेत मलमल दोन तासांत वाळतं तिथे पॉपलिनला सव्वातीन तास आणि होजिअरीला पाचच्या आसपास धरा. तेच हाताने पिळलं तर प्रत्येक आकडा आणखी दीडपटीहून जास्त होतो. सकाळी दहाला टाकलेली होजिअरी मग संध्याकाळी काढताना बगलेत आणि कमरेवर ओलसर लागते आणि रात्री तोच कुबट वास येतो. सूत बराच वेळ ओलं राहिलं की त्यात जिवाणू वाढतात आणि वास त्यांचा असतो. साबण वाढवून तो जात नाही, वाळायचा वेळ कमी करावा लागतो.

आपल्या घरचा वेळ मोजायचा तर स्वयंपाकघरातला काटा पुरतो. कोरडा कपडा मोजा, नेहमीसारखा धुऊन पिळून पुन्हा मोजा, मग दर तासाला. वजन कोरड्याच्या 5 ग्रॅम जवळ आलं की कापड वाळलं, पण घडी घालण्याआधी नेफा आणि बगलेची शिवण ओठांना लावून बघा. ओठांना ओल बोटांपेक्षा लवकर कळते. सकाळचा कपडा संध्याकाळी पाचपर्यंत या कसोटीला उतरत असेल तर दोन जोड पुरतात. नसेल तर तिसरा हवा, किंवा पुढचा कपडा हलक्या कापडाचा घ्यावा. दुसरा पर्याय जास्त शहाणपणाचा.

विकत घ्यायच्या कापडाचं जीएसएम लिहिलेलं नसेल तर एक मीटर कापडाचं वजन रुंदीने भागा. 112 सेंटिमीटर पन्ह्याचं एक मीटर कापड 78 ग्रॅम भरलं तर 78 भागिले 1.12, म्हणजे सुमारे 70 जीएसएम.

घरी आणल्यावर

पहिले दोन धुणे फक्त खळ काढण्यासाठी समजा. साधा साबण, कोमट पाणी, भरपूर खळबळणं. मग कापड सपाट धरून वरून पाण्याचा एक थेंब सोडा. दोन-तीन सेकंदांत जिरून त्याचा डाग पसरला तर ठीक. थेंब मण्यासारखा बसून राहिला तर अजून फिनिश शिल्लक आहे किंवा त्यात सिंथेटिक मिसळलंय. शंका असेल तर आतल्या शिवणीतून एक धागा काढून चिमट्यात धरून, सिंकवर, पेटवा. सूत कागदासारखं जळतं, वासही तसाच, आणि राख बोटाने चुरडली जाते. पॉलिस्टर वितळून कडक काळा मणी उरतो. पाच टक्के स्पॅन्डेक्स असलेली होजिअरी या परीक्षेत कधी कधी निसटते, पण ताणून सोडल्यावर ती रबरासारखी मागे येते. ती अंगाला धरून ठेवणारच, तेव्हा तिथे घेराचा हिशोब वायाच जातो.

फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नका. मऊपणा येतो तो धाग्यावर बसलेल्या थरामुळे, आणि त्याच थराने शोषण घटतं. मऊ मलमल हवं असेल तर ते धुऊन धुऊन होतंच.

वाळत घालताना पायजमा आणि हाफपँट मधून दोरीवर दुमडून टाकू नये, कारण मग दोन पदर एकमेकांना चिकटतात. नेफा वर करून, पोकळी उघडी राहील असे दोन-तीन चिमटे लावा, खिसे बाहेर काढा. गाऊन हँगरवर, बटणं उघडी. कपड्यांमध्ये हातभर नाही तरी तळहाताएवढं अंतर ठेवा. बाहेर पाऊस असेल तेव्हा खोलीत दाटीने टांगण्यापेक्षा एका कपड्यावर पंखा सोडलेला बरा. आर्द्रता तीच राहिली तरी कापडाजवळची साचलेली दमट हवा हटते आणि मलमलसारखं कापड रात्रीपर्यंत वाळतं. शेवटची ओल नेफ्यातच अडकलेली असेल तर तेवढ्या पट्टीवर गरम इस्त्री फिरवावी, इलॅस्टिक असेल तर मध्यम, आणि दहा मिनिटं उघड्यावर ठेवून मगच कपाटात.